स्टिल्ट पार्किंगचा निकाल: न्यायालयाचे कोणते वाक्य बांधील, कोणते नाही?

'सुप्रीम कोर्टाने पार्किंग विकायला बंदी घातली' असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो. ठाण्याच्या वर्तकनगरमधील एखादी सोसायटी हा मेसेज घेऊन न्यायालयात गेली, तर तो निकाल तिथे कितपत लागू पडेल?

मूळ खटला होता नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था. दहिसरच्या इमारतीखालील स्टिल्टमधील 25 पार्किंगच्या जागा आपल्या आहेत, असा बिल्डरचा दावा होता. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कारण असे दिले की 1963 च्या मोफा कायद्यानुसार स्टिल्टमधील जागा ही 'गॅरेज' नाही. ती सामाईक जागेचा भाग आहे, म्हणून बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही.

रेशिओ डेसिडेंडी म्हणजे काय?

निकाल ज्या कारणावर उभा आहे ते कारण म्हणजे रेशिओ. ओळखण्याची सोपी कसोटी अशी: ते विधान उलट करून पाहा. 'स्टिल्टमधील जागा गॅरेज आहे' असे मानले, तर निकालाचा पायाच ढासळतो. म्हणून हा रेशिओ आहे.

ऑबिटर डिक्टा म्हणजे काय?

याच निकालात उघड्यावरच्या पार्किंगचाही उल्लेख आहे. मात्र दावा फक्त स्टिल्टमधील जागांचा होता. उघड्या जागेबद्दलचे मत काढून टाकले तरी निकाल तोच राहतो. त्यामुळे ते ऑबिटर आहे, असा युक्तिवाद करता येतो. ऑबिटर बांधील नसते, पण सर्वोच्च न्यायालयाचे असेल तर खालची न्यायालये त्याला सहसा मोठा मान देतात.

कोण कोणाला बांधील?

संविधानाच्या अनुच्छेद 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांना बांधील आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाचा रेशिओ ठाण्यातील न्यायालयांना बांधील. उच्च न्यायालयातही एका न्यायाधीशाला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाचा निकाल पाळावा लागतो. खुद्द सर्वोच्च न्यायालयात लहान पीठ मोठ्या पीठाला बांधील असते. पटत नसेल तर ते प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवू शकते, पण निकाल डावलू शकत नाही. दाऊदी बोहरा समाजाच्या मंडळाने महाराष्ट्र सरकारविरुद्ध लढलेल्या प्रकरणात पाच न्यायाधीशांनी 2004 मध्ये हे स्पष्ट केले.

मग वर्तकनगरचे काय?

इमारत मोफाखालची आणि जागा स्टिल्टमधील असेल, तर पांचालीचा रेशिओ थेट लागू होतो. प्रकल्प रेराखाली नोंदलेला असेल, तर चित्र बदलते. 2016 च्या रेरा कायद्यात 'गॅरेज'ची स्वतंत्र व्याख्या आहे: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. पांचालीचा निकाल मोफातील शब्दांच्या अर्थावर उभा आहे, त्यामुळे तो इथे जसाच्या तसा चिकटवता येत नाही. इथे जागेला छप्पर आणि भिंती आहेत का, आणि करारात काय लिहिले आहे, हे आधी पाहावे लागते.

म्हणूनच मेसेजमधील 'बंदी' हा शब्द निकालापेक्षा मोठा आहे.