पोर्टबदल, एसएसएच सेवेतील

दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेचा प्रचलित पोर्ट, म्हणजे जोडणी स्वीकारणारे क्रमांकित द्वार, 22 हा असून त्याऐवजी 48022 सारखा क्रमांक ठेवण्यास पोर्टबदल म्हणतात. केवळ 22 वर पासवर्ड आजमावणारे स्वयंचलित प्रोग्राम त्यामुळे टळतात आणि लॉगमधील अयशस्वी प्रयत्नांच्या नोंदी घटतात. तथापि एका पत्त्यावर टीसीपीचे वापरण्याजोगे पोर्ट 65,535 च असल्याने सेकंदाला हजार पोर्ट तपासणारा स्कॅनर ते सुमारे 66 सेकंदांत पडताळतो, आणि जोडणी होताच सर्व्हर स्वतः `SSH-2.0` ने सुरू होणारी ओळख पाठवीत असल्यामुळे सेवा लपत नाही. दुबळा पासवर्ड पूर्वीइतकाच असुरक्षित राहतो. म्हणून खरे संरक्षण पासवर्डने प्रवेश बंद करून, सार्वजनिक व खाजगी अशा सांकेतिक किल्ल्यांच्या जोडीने ओळख पटविण्यातून मिळते.