लोड सेलचे अंशांकन

लोड सेलचे अंशांकन म्हणजे स्ट्रेन गेजवर आधारित भारमापकावर ज्ञात वजने ठेवून त्याच्या विद्युत संकेताचे किलोग्रॅमशी असलेले नाते निश्चित करण्याची प्रक्रिया होय. बाजार समितीतील कापसाचा इलेक्ट्रॉनिक काटा, ट्रकचा वजनकाटा व प्रयोगशाळेतील बलमापक या सर्वांत असे सेल असतात. केवळ शून्य आणि पूर्ण भार जुळवल्याने अंशांकन पुरे होत नाही. मधल्या भारांना सेल कसा वागतो, भार तसाच राहिल्यास संकेत सरकतो का, आणि भार काढल्यावर तो शून्यावर परततो का, हेही पाहावे लागते.

तत्त्व

सेलचा धातूचा ठोकळा भाराखाली किंचित वाकतो. त्यावर चिकटवलेल्या चार गेजांचा रोध बदलतो आणि व्हीटस्टन सेतूतून अल्प व्होल्टता मिळते. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट संवेदनशीलतेच्या सेलला ५ व्होल्ट पुरवल्यास पूर्ण भाराला संकेत केवळ १० मिलिव्होल्टांनी वाढतो.

सेल वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो. अक्षांश व उंचीवरून काढल्यास अचलपूर येथे गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८६ मी./से.² येते, दिल्लीत ते सुमारे ९.७९१ आहे. त्यामुळे दिल्लीत जुळवलेला काटा अचलपुरात ५० किलोग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम कमी दाखवील. म्हणून अंशांकन वापराच्या जागीच करावे.

पूर्वतयारी

१० किलोग्रॅमच्या एम-१ वर्गाच्या वजनात ०.५ ग्रॅमपर्यंत त्रुटी मान्य असते. अशा पाच वजनांची मिळून त्रुटी फार तर २.५ ग्रॅम होते; ती पुढे शोधायच्या दोषांहून बरीच लहान आहे. दर्शकातील शून्य आपोआप जुळवणारी सोय बंद ठेवावी, अन्यथा शून्याचे सरकणे झाकले जाते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात तापलेल्या ओट्यावर चाचणी घेऊ नये, कारण तापमानानेही शून्य सरकते. सेल व वजने सावलीत स्थिरावल्यावर पूर्ण भार तीनदा ठेवून काढावा, मगच नोंदी सुरू कराव्यात.

उदाहरण

५० किलोग्रॅमच्या सेलसाठी नमुन्यादाखल घेतलेल्या नोंदी मिलिव्होल्टमध्ये पुढे दिल्या आहेत. प्रत्येक वजन ठेवल्यानंतर सारख्याच अवधीने, समजा ३० सेकंदांनी, आकडा वाचला आहे.

| भार (किग्रॅ) | चढता | उतरता |
|---|---|---|
| ० | ०.०८० | ०.०८२ |
| १० | २.०८३ | २.०८६ |
| २० | ४.०८५ | ४.०८९ |
| ३० | ६.०८५ | ६.०८८ |
| ४० | ८.०८३ | ८.०८५ |
| ५० | १०.०८० | – |

चढत्या नोंदींची दोन टोके जोडणारी रेषा प्रति किलोग्रॅम ०.२ मिलिव्होल्ट देते. २० किलोग्रॅमला या रेषेनुसार ४.०८० हवे होते, मिळाले ४.०८५. म्हणजे अरेषीयता पूर्ण संकेताच्या ०.०५ टक्के, किंवा २५ ग्रॅम. त्याच भाराला उतरताना ०.००४ अधिक दिसते. हा हिस्टेरिसिस २० ग्रॅमचा आहे.

विचलन येथील नोंदींप्रमाणे सावकाश वाढून कमी होत असेल, तर तो सेलचा गुणधर्म समजावा. एखाद्या भारानंतर रेषा एकदम मोडत असेल, तर बहुधा काट्याचे ताट चौकटीला टेकलेले असते किंवा खाली खडा अडकलेला असतो. अशा वेळी गणिती दुरुस्ती करणे व्यर्थ आहे. आधी अडथळा काढावा.

विसर्पण व शून्याकडे परतणे

विसर्पणाच्या, म्हणजे क्रीपच्या चाचणीत पूर्ण भार ३० मिनिटे ठेवतात. याच सेलचा आकडा त्या काळात १०.०८० वरून १०.०८३ झाला, तर विसर्पण १५ ग्रॅमचे आहे. यात दोन विरुद्ध कारणे गुंतलेली असतात. धातू भाराखाली हळूहळू आणखी थोडा विकृत होतो व संकेत वाढतो. गेजचा डिंक व आधारपटल मात्र सैलावतात व संकेत घटतो. उत्पादक गेजच्या तारांची टोकाकडील वळणे लांब-आखूड ठेवून हे दोन परिणाम परस्परांना छेदतील असे पाहतात. येथे संकेत वाढला, म्हणजे धातूचा परिणाम वरचढ आहे.

भार काढल्यावर लगेच ०.०८३ दिसून अर्ध्या तासात आकडा पुन्हा ०.०८० वर आला, तर ते विसर्पणाचेच परतणे होय. आकडा ०.०८३ वरच अडून राहिला, तर अतिभाराने ठोकळ्यात कायमची विकृती आली आहे किंवा गेज सुटू लागला आहे, अशी शंका घ्यावी. भार नसतानाही आकडा दिवसभर भटकत असेल, तर कारण तापमान किंवा आत शिरलेला ओलावा असतो.

उतरत्या नोंदी रेंगाळत घेतल्यास विसर्पण हिस्टेरिसिसमध्ये मिसळते. दोन वजनांमधील अवधी सारखा ठेवण्याचे कारण हेच. सलग तोलाईत याचा परिणाम थेट दिसतो. जड गठ्ठा बराच वेळ काट्यावर राहिला आणि शून्य परतण्याआधीच पुढचा ठेवला, तर उरलेले ग्रॅम पुढच्या मालात मिळतात.

व्यापारी काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मोहोर असते. तिच्या आतील जुळवणी वापरकर्त्याने बदलू नये. मात्र वरील नोंदी मोहोर न तोडता, दर्शकावरील किलोग्रॅममध्ये घेता येतात. त्या वेळी अचूकता दर्शकाच्या लहानात लहान विभागापुरतीच मर्यादित राहते. ५ ग्रॅमचा विभाग असलेल्या दर्शकावर १५ ग्रॅमचे विसर्पण ओळखता येईल, पण २० ग्रॅमचा विभाग असल्यास ते दिसेलच असे नाही.