सुरुवातीलाच आलेला ‘छान’: न बोललेल्या गोष्टीला आलेली दाद

घरगुती जेवणाचे डबे, द्राक्षाच्या पेट्या, पर्यटकांसाठी खोल्या, शिकवणी, दुरुस्ती अशी कुठलीही सेवा देणाऱ्या व्हॉट्सॲप नंबरवर कधी कधी एक चमत्कारिक मेसेज येतो. नंबर अनोळखी, आधीचं संभाषण काहीच नाही आणि पहिल्याच मेसेजमध्ये एकच शब्द: ‘छान’, ‘मस्त’, ‘Nice’, ‘Good’ किंवा ‘Great’. सेवेने त्या माणसाला काही पाठवलेलं नसतं. तरीही तो दाद देतो.

हा मेसेज सहसा निरर्थक नसतो. तो ज्या गोष्टीला उत्तर म्हणून लिहिला आहे, ती गोष्ट दुसरीकडे कुठेतरी राहून गेलेली असते. सेवेपर्यंत फक्त उत्तर पोहोचतं. त्यामुळे अशा मेसेजला काय म्हणायचं, यापेक्षा ‘या माणसाने नेमकं काय पाहिलं?’ हा प्रश्न आधी येतो.

एका शब्दाची सवय

बोलण्यात काही वाक्यं माहितीसाठी नसतातच. ‘जेवण झालं का?’ असं दारातून जाताना विचारणाऱ्याला जेवणाचा तपशील नको असतो, त्याला ओळख राखायची असते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा बोलण्याला वेगळं नाव दिलं आणि त्याचं काम माणसांना जोडून ठेवण्याचं असतं, असं मांडलं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘छान’ हेच काम करतो. २०१८ च्या सुरुवातीला, भारतातल्या फोनची साठवण सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी भरून जाते, अशा बातम्या आल्या होत्या. गूगलने तेव्हा आपल्या फाइल्स गो या ॲपमध्ये अशी चित्रं शोधून काढण्याची सोय दिली होती. फुलाचं चित्र असो की भाचीचा निकाल, त्याखाली ‘छान’ लिहिलं की आपण पाहिल्याची पोच दिली जाते. बोटांना लागलेली हीच सवय अनोळखी सेवेच्या चॅटमध्येही चालते. ग्रुपमध्ये मात्र ‘छान’च्या वर ते चित्र असतं. सेवेच्या चॅटमध्ये वर काहीच नसतं.

हा मेसेज येतो कुठून?

पहिली वाट फॉरवर्ड केलेल्या पोस्टरची. सेवेचं पोस्टर कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं. त्यावरचा नंबर दाबून किंवा जपून ठेवून माणूस थेट सेवेला ‘Nice’ लिहितो. त्याच्या मनात पोस्टर ताजं असतं, सेवेला मात्र ते दिसत नाही. फॉरवर्डवर ‘फॉरवर्ड केलेलं’ अशी खूण येते, पण मूळ कुणी पाठवलं आणि कधी, हे त्यातून कळत नाही.

दुसरी वाट स्टेटस किंवा स्टोरीची. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला दिलेलं उत्तर खाजगी चॅटमध्ये पडतं आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरीचंही तसंच. दोन्ही २४ तासांनी निघून जातात. सेवेने मेसेज दोन दिवसांनी उघडला, तर ज्या फोटोला दाद मिळाली तो फोटो जागेवर नसतो.

तिसरी वाट जाहिरातीची. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या काही जाहिरातींचं बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं. तिथे एखादा तयार प्रश्न लिहिलेला असतो. तो खोडून माणूस ‘Good’ एवढंच लिहू शकतो.

चौथी वाट निव्वळ चुकीची. भाचीच्या फोटोला द्यायची दाद चुकून सेवेच्या चॅटमध्ये जाते किंवा ‘Good morning’ लिहिताना पहिल्या शब्दावरच मेसेज सुटतो.

पाचवी वाट सगळ्यात काळजीची. सेवेच्या नावाने दुसऱ्याच कुणीतरी काही पसरवलेलं असतं: खोटी सवलत, बदललेला दर, बनावट पेज. दाद खरी असते, पण ज्याला दिली ते बोलणं सेवेचं नसतं.

कोणती वाट, हे ओळखायचं कसं?

थोडा अंदाज मेसेजकडे नीट पाहूनच येतो. स्टेटसचं उत्तर असेल तर मेसेजच्या वर त्या स्टेटसचा तुकडा जोडलेला दिसतो. शिवाय नेहमीच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपचं स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचे नंबर जतन असावे लागतात. म्हणून पूर्ण अनोळखी नंबरवरून, वर काहीही न जोडलेला ‘छान’ आला, तर तो स्टेटसला दिलेला नाही असं बहुधा धरता येतं. मग उरतात पोस्टर, जाहिरात, चूक किंवा तोतयेगिरी.

जाहिरातीतून आलेल्या चॅटमध्ये जाहिरातीचं छोटं कार्ड दिसतं. मोठ्या संस्था संगणकाला जोडलेली व्हॉट्सॲपची व्यावसायिक प्रणाली वापरतात. तिथे जाहिरातीतून आलेल्या मेसेजसोबत `referral` नावाचा भाग येतो आणि आधीच्या एखाद्या मेसेजला दिलेल्या उत्तरासोबत `context` नावाचा. दोन्ही नसतील, तर तो शब्द एकटाच आला आहे आणि विचारल्याशिवाय मूळ कळणार नाही.

उदाहरण: निफाडची द्राक्षं

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला एक शेतकरी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट द्राक्षाच्या पेट्या पोहोचवतो. पोस्टरवर घडाचा फोटो, पाच किलोच्या पेटीचा दर आणि फोन नंबर. द्राक्षाचा मुख्य हंगाम साधारण जानेवारी ते मार्च. हंगाम संपला की शेतकरी पोस्टर टाकणं थांबवतो, पण लोकांच्या फोनमधलं पोस्टर जात नाही. पुढच्या जानेवारीत कुणीतरी तेच जुनं पोस्टर एका ग्रुपवर पुन्हा टाकतं. त्यावर तारीख नाही, वर्ष नाही.

त्या ग्रुपमधली एक बाई शेतकऱ्याला लिहिते: ‘Nice’.

शेतकरी फवारणीच्या गडबडीत असतो. तो लिहितो, ‘धन्यवाद ताई, किती पेट्या पाठवू?’ ती म्हणते, ‘चार.’ दोघांनाही वाटतं, सौदा ठरला. तिच्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीचा दर आहे, त्याच्या मनात यंदाचा. पेट्या दारात येतात आणि पैशांच्या वेळी वाद होतो. ती म्हणते, ‘तुमच्याच पोस्टरवर हा दर आहे.’ तो म्हणतो, ‘मी यंदा असं काही पाठवलंच नाही.’ दोघंही खरं बोलत असतात.

चूक ‘Nice’ लिहिण्यात नव्हती. ती ‘धन्यवाद’ या शब्दात होती. न पाहिलेल्या गोष्टीची दाद स्वीकारली, म्हणजे ती गोष्ट आपली आहे आणि आजही लागू आहे, असं समोरच्याने समजणं स्वाभाविक आहे.

उत्तर काय द्यावं?

उत्तरात दोन गोष्टी पुरतात. आपल्याला काय दिसत नाही ते सांगायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. तुम्ही कशाबद्दल छान म्हणालात ते इकडे दिसत नाही. आमचं पोस्टर पाहिलं असेल तर त्याचा फोटो पाठवता का?’

फोटो आला की पुढचं सोपं होतं. पोस्टर जुनं असेल तर लगेच यंदाचा दर कळवता येतो. ते आपलं नसेलच, तर ते कुठून आलं हे विचारता येतं. कुणी त्यावरून पैसे भरले असतील, तर त्यांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार करायला सांगावं. फसवणुकीत पैसे अडवण्यासाठी तक्रार जितकी लवकर तितकी बरी. तो फोटोही पुरावा म्हणून जपून ठेवावा.

समोरून उत्तर आलं नाही, तर विषय तिथेच सोडावा. बहुधा चुकून आलेला शब्द असतो. त्यावर दरपत्रक, यादी आणि तीन फोटो धाडले, तर तो माणूस नंबर ब्लॉक करण्याची शक्यता जास्त.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये स्वागताचा मेसेज आपोआप जाण्याची सोय आहे. नव्या ग्राहकाला किंवा १४ दिवस काहीच बोलणं न झालेल्याला तो जातो. अनेकांच्या त्या मजकुरात ‘तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार’ किंवा ‘तुमची ऑर्डर मिळाली’ असलं वाक्य असतं. ‘छान’नंतर असं वाक्य गेलं की गैरसमज यंत्रच तयार करतं. स्वागतात फक्त नाव, कामाची वेळ आणि ‘तुम्हाला काय हवं आहे?’ एवढंच ठेवावं.

मूळ कळावं म्हणून आधीच करायची सोय

पोस्टरवर हंगाम आणि दराची शेवटची तारीख छापणं हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे नुसत्या नंबरऐवजी लिंक देणं. लिंकमध्ये आधीच काही शब्द भरून ठेवता येतात:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Draksha-2027
```

`X` च्या जागी दहा आकडी नंबर येतो, पुढे `+` किंवा शून्य लावायचं नाही. लिंक दाबली की चॅटमध्ये ‘Draksha-2027’ आधीच लिहिलेलं असतं. ते पाठवलं की कोणतं पोस्टर पाहून माणूस आला, हे पहिल्याच मेसेजात कळतं. माणूस ते शब्द खोडू शकतो किंवा फोटोतला नंबर हाताने टाकू शकतो, म्हणून हा उपाय पूर्ण भरवशाचा नाही. पण मूळ न सांगता येणारे मेसेज त्याने कमी होतात.

या शब्दाची बेरीज कशात करू नये

महिन्याच्या शेवटी ‘किती जणांनी आमची सेवा छान म्हटली’ असा हिशेब करताना हे मेसेज आत घुसतात. ज्याने अजून द्राक्ष चाखलेलं नाही, त्याचा ‘Nice’ फोटोला आहे, चवीला नाही. समाधान मोजायचं असेल तर पेटी पोहोचल्यानंतर आलेलीच उत्तरं धरावीत.

तसंच, ‘छान’ म्हणणं म्हणजे पुढच्या जाहिराती पाठवण्याची परवानगी नव्हे. व्हॉट्सॲपच्या नियमांनुसार व्यवसायाने ग्राहकाकडून मेसेज पाठवण्याची संमती घ्यावी लागते. एका शब्दाच्या दादेवरून तो नंबर प्रसारण यादीत टाकणं त्यात बसत नाही.

मेसेज पाठवणाऱ्यासाठी

पोस्टर आवडलं असेल तर ‘छान’सोबत त्याचा फोटोही पाठवावा, म्हणजे दोघांसमोर एकच गोष्ट राहते. शब्द चुकीच्या चॅटमध्ये गेला असेल, तर व्हॉट्सॲपवर साधारण दोन दिवसांपर्यंत तो सर्वांसाठी पुसता येतो आणि १५ मिनिटांच्या आत बदलता येतो. आणि खरंच पेट्या हव्या असतील, तर पहिल्या मेसेजात ‘छान’ऐवजी ‘आजचा दर काय?’ विचारलेलं बरं.