डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाईम आणि त्याच्याच हाताने कॅन्सरची पेशी मारणारं औषध

घरात दोन पदरी सुतळी असेल तर एक तुकडा घ्या. एक टोक दाराच्या कडीला घट्ट बांधा. दुसऱ्या टोकाचे दोन पदर दोन हातांत धरा आणि ओढून वेगळे करायला लागा. सुरुवातीला काम सोपं वाटतं. पण थोडं पुढे गेलं की न सुटलेल्या भागातला पीळ वाढत जातो, सुतळी स्वतःभोवतीच गुंडाळायला लागते, तिच्यावर गाठीसारखे वेढे पडतात आणि शेवटी पदर सुटायचेच बंद होतात.

आपल्या शरीरातली एखादी पेशी विभागायला निघते तेव्हा तिच्यासमोर नेमकी हीच अडचण असते. फक्त तिथे सुतळीच्या जागी डीएनए असतो.

अडचण नेमकी किती मोठी?

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती गुंडाळलेले दोन धागे. साधारण दर १०.५ बेस जोड्यांनंतर त्यांचा एक वेढा पूर्ण होतो. पेशीला डीएनएची प्रत काढायची असेल तर हे दोन धागे वेगळे करावे लागतात, कारण प्रत्येक जुन्या धाग्यासमोर एक नवा धागा तयार होतो. धागे जिथे फाटतात आणि प्रत तयार होत पुढे जाते, त्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या जागेला रेप्लिकेशन फोर्क म्हणतात.

आता आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा हिशोब करून बघूया. त्याच्या डीएनएत साधारण ४६ लाख बेस जोड्या असतात. म्हणजे दोन धाग्यांचे एकमेकांभोवती जवळपास ४ लाख ३८ हजार वेढे. प्रत काढताना एकाच जागेवरून दोन फोर्क विरुद्ध दिशांना निघतात आणि साधारण ४० मिनिटांत काम संपवतात. प्रत्येक फोर्कच्या वाट्याला २३ लाख जोड्या, म्हणजे मिनिटाला ५७ हजारांच्या आसपास. त्याला १०.५ ने भागलं की उत्तर येतं मिनिटाला सुमारे ५,५०० वेढे. घरातला छताचा पंखा फुल्ल स्पीडवर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो, यावरून अंदाज येईल.

माणसाच्या पेशीत फोर्क बराच हळू चालतो, मिनिटाला साधारण २,००० जोड्या. तरीही मिनिटाला १९० वेढे सोडवावेच लागतात.

हे वेढे सुटले नाहीत तर फोर्कच्या पुढचा डीएनए सुतळीसारखा जास्त पिळला जातो. याला पॉझिटिव्ह सुपरकॉइलिंग म्हणतात. ताण वाढला की धागे वेगळे करणारं हेलिकेज नावाचं एन्झाईम अडकतं आणि फोर्क जागीच थांबतो.

वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना मांडली तेव्हाच ही शंका त्यांच्याही लक्षात आली होती. हा गुंता न होता धागे सुटतात कसे, हे आत्ता सांगता येत नाही, पण ही अडचण रचना खोटी ठरवण्याइतकी मोठी नाही, असं त्यांनी त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात मान्य केलं. पुढच्या वर्षी मॅक्स डेलब्रुक यांनी एक तोडगा सुचवला. धागा मध्येच तोडायचा, पीळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा जोडायचा. हा तेव्हा फक्त अंदाज होता.

तोडा, फिरू द्या, जोडा

१९७१ मध्ये जेम्स वांग यांनी ई. कोलायमध्ये असं काम करणारं प्रथिन सापडल्याचं जाहीर केलं. अशा एन्झाईमना पुढे टोपोआयसोमरेज हे नाव पडलं.

माणसाच्या पेशीतलं टोपोआयसोमरेज-१ कसं काम करतं ते बघू. हे एन्झाईम डीएनएला चिमट्यासारखं वेढून बसतं आणि दोनपैकी एकच धागा तोडतं. तोडताना ते धाग्याचं एक टोक सोडून देत नाही, तर स्वतःलाच चिकटवून ठेवतं. हे काम त्याच्यातलं ७२३ व्या क्रमांकाचं टायरोसिन हे अमिनो आम्ल करतं. दुसरं टोक मोकळं असतं. ते शाबूत धाग्याभोवती फिरतं आणि साठलेला पीळ निघून जातो. मग दोन्ही टोकं पुन्हा जोडली जातात आणि एन्झाईम निघून जातं. या सगळ्याला बाहेरून ऊर्जा लागत नाही, कारण पिळातच ऊर्जा साठलेली असते.

टोपोआयसोमरेज-२ हा दुसरा प्रकार दोन्ही धागे एकदम तोडतो, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेतो आणि फट बुजवतो. त्याला मात्र एटीपी ही पेशीची ऊर्जा खर्च करावी लागते. फोर्कच्या पुढचा ताण हे दोन्ही प्रकार मिळून सांभाळतात.

जीन वाचतानाही तोच घोळ

डीएनएची प्रत निघत नसली तरी पीळ पडायचा थांबत नाही. पेशीला एखादा जीन वापरायचा असेल तर आरएनए पॉलिमरेज हे यंत्र डीएनएवरून सरकत त्याचा आरएनए बनवतं. खरं तर या यंत्राने डीएनएच्या वेढ्यांप्रमाणे गोल गोल फिरत जायला हवं. पण त्याच्यामागे तयार होत असलेल्या आरएनएची लांब शेपटी लोंबत असते आणि तिच्यावर इतर प्रथिनांचं ओझं असतं. त्यामुळे यंत्राला गोल फिरता येत नाही आणि पीळ डीएनएलाच सोसावा लागतो.

परिणामी यंत्राच्या पुढचा डीएनए जास्त पिळला जातो आणि मागचा सैल पडतो. वांग आणि लिरॉय लिऊ यांनी १९८७ मध्ये ही कल्पना मांडली. मागचा सैलपणाही निरुपद्रवी नसतो. तिथे डीएनएचे धागे सहज उघडतात आणि नुकताच बनलेला आरएनए परत त्यातल्या एका धाग्याला चिकटून बसू शकतो. मग मागून येणाऱ्या यंत्रांची वाट अडते. म्हणून टोपोआयसोमरेज पुढेही लागतं आणि मागेही.

आता औषधाची गोष्ट

मनसुख वाणी हे नंदुरबारमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये त्यांनी मन्रो वॉल यांच्यासोबत एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे रसायन वेगळं केलं आणि १९६६ मध्ये त्याची रचना जाहीर झाली. कॅन्सरवर वापरलं जाणारं टॅक्सॉल शोधणारी जोडीही हीच.

कॅम्पटोथेसिन कॅन्सरच्या पेशी मारत होतं, पण कसं ते कोणालाच माहीत नव्हतं. रुग्णांवर सुरुवातीच्या चाचण्या झाल्या, पण मूत्राशयातून रक्तस्राव आणि तीव्र जुलाब असे त्रास झाल्यामुळे त्या थांबल्या. उत्तर मिळालं १९८५ मध्ये. लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे रसायन टोपोआयसोमरेज-१ वर काम करतं.

इथे एक गैरसमज होऊ शकतो. औषध एन्झाईम बंद पाडतं म्हणून पेशी मरते, असं वाटेल. प्रत्यक्षात तसं नाही. यीस्टमधून हे एन्झाईम पूर्ण काढून टाकलं तरी यीस्ट जगतं, कारण टोपोआयसोमरेज-२ ते काम निभावून नेतं. आणि अशा यीस्टवर कॅम्पटोथेसिनचा परिणामच होत नाही. म्हणजे मारण्यासाठी औषधाला एन्झाईम हवंच असतं.

होतं असं की एन्झाईम धागा तोडतं त्याच क्षणी औषधाचा रेणू त्या फटीत पाचरीसारखा जाऊन बसतो. आता टोकं जोडता येत नाहीत. एक धागा तुटलेला आणि त्याला चिकटून अडकलेलं एन्झाईम, अशी अवस्था राहते. ही अवस्थाही जीवघेणी नसते, कारण औषध निघून गेलं की फट पुन्हा बुजते. घात होतो तो मागून फोर्क आल्यावर. फोर्क त्या तुटलेल्या जागेवर येऊन आदळतो आणि एका धाग्यातल्या फटीचं रूपांतर डीएनएचा अख्खा तुकडा पडण्यात होतं. असे तुकडे पडत गेले की पेशी मरते.

हे तपासायला शास्त्रज्ञांनी सोपी युक्ती केली. पेशींमधलं प्रत काढण्याचं काम दुसऱ्या रसायनाने थांबवलं आणि मग कॅम्पटोथेसिन दिलं. त्यातल्या बऱ्याच पेशी वाचल्या. फोर्कच धावत नव्हते, तर आदळणार काय?

फायदा आणि त्रास, दोन्हींचं कारण एकच

कॅन्सरच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांच्यात धावणारे फोर्क जास्त. पण आतड्याचं अस्तर आणि रक्त बनवणारा अस्थिमज्जा हेही सतत विभागतात. म्हणूनच या औषधांनी जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी घटतात. कॅम्पटोथेसिनमध्ये बदल करून बनवलेल्या दोन औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी इरिनोटेकान आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी टोपोटेकान. ही औषधं देताना रुग्णाच्या रक्ताची तपासणी वारंवार का करतात, याचं उत्तरही इथेच आहे.

आपल्या ओळखीची सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी हाच डाव जिवाणूंवर खेळते. ती गायरेज या जिवाणूंच्या टोपोआयसोमरेजला तुटलेल्या डीएनएवर अडकवते. माणसात गायरेज नसतं, म्हणून ती जिवाणूला मारते आणि आपल्या पेशींना फारसा धक्का लावत नाही.

नरक्या आणि झाडाची स्वतःची सोय

कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही मिळतं. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी ते शोधलं. मागणी वाढल्यावर या झाडाची जंगलात बेसुमार तोड झाली आणि नरक्याच्या तस्करीच्या बातम्या येऊ लागल्या.

आता प्रश्न असा की झाडाच्या पेशीही विभागतात, त्यांच्यातही टोपोआयसोमरेज-१ असतं, मग हे विष झाडालाच का मारत नाही? ज्या चिनी झाडात ते आधी सापडलं, त्याच्या एन्झाईमचा अभ्यास झाला तेव्हा एक छोटा बदल दिसला. माणसाच्या एन्झाईममध्ये ७२२ व्या जागी जिथे अ‍ॅस्परॅजिन असतं, तिथे झाडाच्या एन्झाईममध्ये लायसिन आहे. धागा तोडणाऱ्या ७२३ व्या टायरोसिनच्या अगदी शेजारी. एवढ्याने पाचर बसत नाही आणि झाड वाचतं.

याच ७२२ व्या जागी बदल कॅम्पटोथेसिनला दाद न देणाऱ्या माणसाच्या ल्युकेमियाच्या पेशींमध्येही आढळला आहे, फक्त तिथे लायसिनऐवजी सेरिन आलं होतं. झाडाने जी सोय करून घेतली, तशीच कॅन्सरची पेशीही करू शकते.