गाउसच्या वहीत राहिलेली युक्ती

1805 च्या सुमारास कार्ल गाउस पॅलास या लघुग्रहाच्या 12 निरीक्षणांतून कक्षेचं सूत्र बसवत होता. कष्ट वाचवायला त्यानं निरीक्षणांचे छोटे गट पाडले. लॅटिनमधलं ते टिपण छापलं गेलं 1866 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि फारसं कुणी वाचलं नाही. 1965 मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी तीच युक्ती नव्यानं मांडली. सोव्हिएत अणुचाचण्या भूकंपमापकांवरून ओळखायच्या, ही त्यामागची निकड होती. या रीतीला आपण एफएफटी म्हणतो.

तिनं बहुपदींचा गुणाकारही स्वस्त झाला. दहा लाख पदांच्या दोन बहुपदी शाळेतल्या रीतीनं गुणायला एक लाख कोटी गुणाकार लागतात. पण बहुपदी तिच्या किमतींवरूनही ओळखता येते. 1+2x आणि 3+x घ्या. x च्या जागी 1, i, −1, −i ही एकाची चौथी मुळं ठेवा आणि किमती जोडीजोडीनं गुणा: 12, 1+7i, −2, 1−7i. उलट एफएफटी केली की 3+7x+2x² मिळतं.

मुळंच का? चौघांचे वर्ग केले की 1 आणि −1 एवढेच उरतात. सम आणि विषम घातांची पदं वेगळी केली, तर प्रत्येक गटाची किंमत या दोनच ठिकाणी काढावी लागते. दर पायरीला असंच अर्धं होत जातं.

मात्र बिंदू कमी पडले तर उत्तर गुपचूप चुकतं. वरच्या उदाहरणात फक्त 1 आणि −1 घेतले, तर 5+7x येतं: x² चा 2 गुंडाळून 3 मध्ये मिसळतो. म्हणून बिंदू उत्तराच्या पदांइतके तरी हवेतच.