अर्धं कर्ज, अर्धा शेअर : सुझलॉनच्या 1000 डॉलरच्या कागदाची गोष्ट

पुण्यात आणि आजूबाजूला सुझलॉनचा शेअर कधी ना कधी घेतला नाही, असा बाजारातला माणूस शोधावा लागेल. कुणी चारशेला घेतला, कुणी वीसला, कुणी पाचला. "एवढ्या वर चढलेला शेअर इतका खाली आला कसा?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण "कर्ज" असं एका शब्दात देतात. ते खरंच आहे, पण अर्धंच. त्यातला एक भाग साधं कर्ज नव्हता आणि शेअरही नव्हता. तो मधलाच प्रकार होता. त्याचा इतिहास नीट समजून घेण्यासारखा आहे.

2007 साली पवनचक्क्यांचा धंदा जोरात होता. तुलसी तांती यांची सुझलॉन जर्मनीतली रीपॉवर ही कंपनी घ्यायला निघाली होती आणि पैसा लागणारच होता. इथल्या बँकेकडे जावं तर व्याज दर वर्षी मोजावं लागतं. नवे शेअर विकावेत तर मालकीचा वाटा लगेच कमी होतो. मग तिसरा रस्ता निघाला, विदेशी चलनातले परिवर्तनीय रोखे, म्हणजे एफसीसीबी. जूनमध्ये 30 कोटी डॉलरचे आणि ऑक्टोबरमध्ये 20 कोटी डॉलरचे रोखे परदेशात विकले गेले. मुदत पाच वर्षं आणि दरसालचं व्याज शून्य.

शून्य व्याजावर कुणी पैसे देतं का? देतं, कारण कागदात दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. पहिली ही, की रोखेधारकाला वाटेल तेव्हा तो रोखा ठरलेल्या भावाने शेअरमध्ये बदलून घेऊ शकतो. शेअरचे तुकडे झाल्यानंतरच्या हिशेबाने हा भाव 360 ते 370 रुपयांच्या आसपास होता. दुसरी ही, की त्याने बदलून घेतलंच नाही तर पाच वर्षांनी कंपनी मुद्दल परत करेल आणि वर साचलेलं व्याज एकरकमी देईल. ऑक्टोबरच्या रोख्यांवर 100 डॉलरचे 144.88 डॉलर द्यायचे होते. म्हणजे व्याज शून्य नव्हतंच, ते फक्त शेवटी ढकललेलं होतं.

जानेवारी 2008 मध्ये शेअर चारशेच्या वर होता. मग रोखेधारकांनी तेव्हाच शेअर का घेतले नाहीत? कारण घाई करण्याची त्यांना गरजच नव्हती. शेअर आणखी वाढला तर फायदा त्यांचा, पडला तर 144.88 डॉलर ठरलेलेच. शेअर हातात घेतला की ही हमी गेली. शहाणा माणूस शेवटपर्यंत थांबतो. आणि कंपनीचा सगळा बेत तर त्यांनी बदलून घेण्यावरच उभा होता! तसं झालं असतं तर एक डॉलरही परत द्यावा लागला नसता.

मग जागतिक मंदी आली. शेअर वर्षभरात दहाव्या हिश्श्याच्या घरात आला आणि पुढे खालीच राहिला.

आता ऑक्टोबरच्या एकाच 1000 डॉलरच्या रोख्याचा हिशेब करू. घेतला तेव्हा डॉलर साडेएकोणचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कंपनीच्या हातात आले सुमारे 39,500 रुपये. मूळ ठरलेल्या भावाने त्याचे शेअर झाले असते साधारण 108. ऑक्टोबर 2012 मध्ये शेअर सतरा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे त्या मूळ भावाने शेअर घेतले तर हातात दोन हजार रुपयेसुद्धा नाहीत. आणि कर्ज म्हणून मागितलं तर 1448.80 डॉलर. डॉलर तोवर 53 च्या घरात गेलेला, म्हणजे जवळपास 76,800 रुपये. कोण शेअर घेईल?

म्हणजे शेअर पडल्या पडल्या हा कागद पूर्ण कर्ज झाला. व्याज साचलं आणि वरून रुपया घसरला. नेमकी कंपनीची स्थिती वाईट असतानाच सगळं एकदम अंगावर आलं. जूनचे रोखे सुझलॉनने मुदत वाढवून घेऊन जुलैत कसेबसे फेडले. ऑक्टोबरच्या वेळी चार महिन्यांची मुदत मागितली, ती रोखेधारकांनी नाकारली. सुमारे 20.9 कोटी डॉलर थकले. परिवर्तनीय रोख्यांतली तोवरची ती भारतातली सर्वांत मोठी थकबाकी मानली गेली.

हाच पैसा प्रेफरन्स शेअरने उभा केला असता तर? तोही मधलाच प्राणी, पण तोंड उलट दिशेला. ठरलेला लाभांश साध्या भागधारकाच्या आधी मिळतो, म्हणून तो कर्जासारखा दिसतो. पण लाभांश नफ्यातूनच द्यायचा असतो आणि नफा नसेल तर तो न देणं ही कर्जबुडवी ठरत नाही. धारक कंपनीला दिवाळखोरीत खेचू शकत नाही. दोन वर्षं लाभांश चुकला तर त्याला मतदानाचा हक्क मिळतो, एवढंच. थोडक्यात, परिवर्तनीय रोखा वाईट काळात कर्ज होतो, प्रेफरन्स शेअर वाईट काळात शेअर होतो.

पुढची गोष्ट छोट्या भागधारकाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. 2014 मध्ये थकलेली रक्कम आणि इतर जुने रोखे एकत्र करून सुमारे 54.7 कोटी डॉलरचे नवे परिवर्तनीय रोखे काढले गेले. या वेळी रूपांतराचा भाव होता 15.46 रुपये आणि त्यासाठी डॉलर 60.225 रुपये धरला होता. गणित करून बघा : 1000 डॉलरमागे जवळपास 3,895 शेअर. आधी 108! तेवढ्याच डॉलरसाठी छत्तीसपट शेअर. सगळे रोखे बदलले असते तर 213 कोटींच्या आसपास नवे शेअर झाले असते. बाजारभाव वर असल्यामुळे बऱ्याच रोख्यांचे शेअर झालेसुद्धा. कर्ज कमी झालं, पण किंमत आधीच्या भागधारकाने आपल्या वाट्यातून मोजली. जे उरले, ते सुमारे 17.2 कोटी डॉलर जुलै 2019 मध्ये पुन्हा थकले. 2020 च्या तडजोडीत बँकांच्या कर्जाचाही काही भाग परिवर्तनीय डिबेंचर आणि प्रेफरन्स शेअरमध्ये गेला. म्हणजे कागद बदलले, मधला प्रकार राहिलाच.

हे आधी कळलं असतं का? नफा-तोट्याच्या पत्रकावरून सहज नाही. शेवटी द्यायचा अधिमूल्याचा बोजा सिक्युरिटीज प्रीमियमच्या खात्यातून वळता करायला तेव्हाचा कंपनी कायदा मुभा देत होता, त्यामुळे असा खर्च नफ्यात न दिसताही चालायचा. पण वार्षिक अहवालाच्या मागच्या टिपांत तीन आकडे असतात : रूपांतराचा भाव, मुदतीची तारीख आणि परतफेडीची टक्केवारी. ज्या कंपनीचे असे रोखे बाजारात आहेत, तिचा आजचा भाव पहिल्या आकड्याशेजारी ठेवून बघा. भाव बराच खाली असेल आणि तारीख जवळ आली असेल, तर तो कागद तुमच्या यादीत कर्ज म्हणून लिहा. कंपनी त्याला काहीही म्हणो.