भाग २३ : टिळक, ताई महाराज आणि आकड्यांची ती ओळ

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात सुरू झालं. तेव्हापासून निकालपत्रांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरायला लागल्यात. बहुतेक जण पहिलं पान उघडतात, मध्येच अशी काहीतरी ओळ दिसते आणि फाइल बंद होते:

```
Bal Gangadhar Tilak v. Shrinivas Pandit,
(1915) 42 IA 135 : AIR 1915 PC 7
```

आज हीच ओळ सोडवू. कोल्हापूरशी तिचा जुना संबंध आहे, म्हणून मुद्दाम निवडली.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी जे विश्वस्त नेमले होते, त्यांत टिळक होते. बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराज. वंश चालावा म्हणून दत्तक घ्यायचा होता. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तकविधान झालं, असं टिळकांचं म्हणणं. ताई महाराजांनी ते नाकारलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इथे कोल्हापुरात बाळा महाराजांना दत्तक घेतलं. म्हणजे एका घराण्याला दोन दत्तक. खरा कोणता, यावर जवळपास चौदा वर्षं भांडण चाललं. खालच्या कोर्टात टिळकांची बाजू जिंकली. १९१० मध्ये, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, उच्च न्यायालयानं निकाल उलटवला. शेवटी १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून औरंगाबादचं दत्तकविधान मान्य केलं.

आता ओळ वाचू. आधी दोन बाजूंची नावं, मध्ये ‘व्ही.’. काही ठिकाणी ‘व्हीएस.’ असतं. दोन्ही म्हणजे लॅटिन ‘व्हर्सस’, आपल्या कोर्टाच्या मराठीत ‘विरुद्ध’. गंमत म्हणजे इंग्लंडमधले वकील दिवाणी खटल्याचं नाव बोलताना या ‘व्ही’चा उच्चार ‘अँड’ करतात.

पुढचं ‘आयए’ म्हणजे ‘इंडियन अपील्स’. भारतातून प्रिव्ही कौन्सिलकडे गेलेल्या अपिलांचे निकाल छापणारी ही मालिका. ४२ हा खंड, १३५ हे पान. विसर्गचिन्हानंतर तोच निकाल दुसऱ्या प्रकाशनात कुठे सापडेल ते दिलंय. ‘एआयआर’ म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’. ही मालिका १९१४ मध्ये आपल्या नागपुरात सुरू झाली. ‘पीसी’ म्हणजे प्रिव्ही कौन्सिल, ७ हे पान. पोलीस कस्टडीलाही पीसी म्हणतात, तो इथला नव्हे.

इथे नवा वाचक हमखास चुकतो. त्याला वाटतं दोन वेगळे निकाल आहेत. पण निकाल एकच, पत्ते दोन. एकाच फाइलच्या दोन लिंक असाव्यात तसं. दुसरी चूक वर्षाबाबत होते. ४२ आयए लिहिल्यावर खंड ठरला, त्यामुळे कंसातलं १९१५ वगळलं तरी पान सापडेल. एआयआरमध्ये मात्र वर्ष हाच खंड आहे, ते चुकलं की तुम्ही भलत्याच निकालावर पोचता. त्यामुळे मिळालेलं पान नीट तपासायचं असेल तर आधी पक्षकारांची नावं जुळतात का ते बघा. नावं शोधतानाही सावध राहा. याच निकालात कुठे ‘श्रीनिवास’चं स्पेलिंग `Shrinivas`, कुठे `Shriniwas`. सर्चमध्ये एकानं सापडलं नाही तर दुसरं टाका.

नावांचा क्रमही फसवतो. त्यासाठी टिळकांचाच दुसरा खटला बघू. १८९७ मध्ये केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याचा पत्ता असा:

```
Queen-Empress v. Bal Gangadhar Tilak, ILR 22 Bom 112
Bal Gangadhar Tilak v. Queen-Empress, 25 IA 1
```

‘आयएलआर’ म्हणजे ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’, ‘बॉम’ ही त्यातली मुंबईची मालिका. पहिल्या ओळीत राणी आधी, कारण खटला सरकारनं भरला. दुसऱ्या ओळीत टिळक आधी आले, कारण प्रिव्ही कौन्सिलकडे परवानगी मागायला तेच गेले. ती मिळाली नाही. म्हणजे आधी आलेलं नाव जिंकलेल्याचं नसतं, त्या कोर्टाचं दार ठोठावणाऱ्याचं असतं. १९०८ च्या खटल्यात राणीच्या जागी ‘एम्परर’ आला, कारण तोवर गादीवर एडवर्ड सातवा होता. आज त्याच जागी ‘स्टेट ऑफ महाराष्ट्र’ असतं. नुसत्या नावावरून राजवट ओळखता येते, हे मला तरी फार आवडलं.

हा जुना निकाल मेला नाही. राजद्रोहाचं कलम घटनेत बसतं का, यावर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये केदारनाथ सिंह विरुद्ध बिहार राज्य हा निकाल दिला. त्यात टिळकांच्या १८९७ च्या खटल्याची चर्चा आहे. त्याचा पत्ता `AIR 1962 SC 955`. इथे ‘एससी’ म्हणजे सुप्रीम कोर्ट. निकालाच्या मजकुरात ‘एससी/एसटी’ आलं तर तो अनुसूचित जाती. आणि सेशन्स कोर्टाच्या कागदावर ‘एससी नं.’ दिसलं तर बहुधा सेशन्स केस. तीन अर्थ, अक्षरं तीच. ‘एससीसी’ पुन्हा वेगळं: ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही खासगी मालिका. अधिकृत मालिका ‘एससीआर’. केदारनाथ त्यातही आहे, १९६२ च्या पुरवणी खंडात.

उरले दोन लॅटिन पाहुणे. ‘व्हिज.’ म्हणजे ‘व्हिडेलिसेट’, आपलं ‘म्हणजेच’ किंवा ‘नामे’. शेवटचा ‘झेड’ खरं तर अक्षर नाही. मध्ययुगीन लेखनिक शब्द तोडल्याची जी खूण करायचे, ती झेडसारखी दिसायची. अर्थ मात्र नीट लक्षात घ्या. समजा लिहिलंय: या बेंचचे जिल्हे व्हिज. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. यादी इथे संपली. पुणे त्यात नाही, म्हणजे पुण्याचं प्रकरण इथे येणार नाही. तिथे ‘ई.जी.’ असतं तर ही फक्त उदाहरणं झाली असती आणि पुणेकरानं हट्ट धरला असता. दोन अक्षरांवर पक्षकाराला मुंबईची गाडी पकडावी लागू शकते.

‘इबिड’ म्हणजे ‘इबिडेम’, त्याच ठिकाणी. तळटीप ११ मध्ये टिळकांचा निकाल असेल आणि १२ मध्ये ‘इबिड, पान १४०’, तर तोच निकाल, पान १४०. धोका असा की मसुदा करताना कुणी मध्येच नवी तळटीप घुसवली तर इबिड गुपचूप त्या नव्या निकालाकडे बोट दाखवतो. आम्हा कोडवाल्यांना हा बग चांगला माहीत आहे, रिलेटिव्ह पाथचा. वाचताना मुद्दा आणि निकाल जुळत नसेल तर एक टीप आणखी वर जाऊन बघा. भारतीय निकालांत इबिडपेक्षा ‘सुप्रा’ जास्त दिसतो. तो ‘वर आलेला’ असं सांगतो आणि शेजारीच निकालाचं नाव असल्यामुळे असा घसरत नाही.

पुढच्या भागात वेदोक्त प्रकरण, आणि त्यात कोर्ट नव्हे, दरबार.